तीन मिनिटं, एक ओळ आणि हॉलवाल्याच्या किल्ल्या

*ताई, आमच्या वाचनालयाची दरवर्षी कविसंध्या असते, यंदा दादरला हॉल घेतलाय आणि पाहुण्या कवयित्रीची ओळख करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सेक्रेटरी म्हणाले फक्त तीन मिनिटं, कारण मागच्या वर्षी ज्यांनी ओळख करून दिली ते चौदा मिनिटं बोलले आणि पाहुण्यांना चारच कविता वाचता आल्या. माझ्याकडे बाईंचा दोन पानी बायोडेटा आहे. त्यांची एक ओळ म्हणायची खूप इच्छा आहे पण मला सतरा ओळी आवडतात. कुठली घेऊ, कुठे घालू आणि तीन मिनिटांत बसवू कसं? मी बँकेत आहे, माईकसमोर आजवर उभा राहिलेलो नाही.*
*– बोरिवलीचा घाबरलेला*

अरे, आधी तो बायोडेटा ड्रॉवरमध्ये टाक आणि बाईंचा कवितासंग्रह काढ. सगळे उलटं करतात, आधी जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार असं लिहीत सुटतात आणि मग कुठेतरी शेवटी "त्यांच्याच एका ओळीने थांबतो" म्हणून ओळ चिकटवतात, आणि तोपर्यंत सहा मिनिटं झालेली असतात. तू ओळीपासून सुरुवात कर. ओळ ठरली की बाकीच्या अडीच मिनिटांत काय बोलायचं ते आपोआप ठरतं, कारण मग एवढंच बघायचं असतं की ही ओळ ऐकायच्या आधी लोकांना काय माहीत असायला हवं. जे त्यासाठी लागत नाही ते काप.

ओळ कशी निवडायची हे सांगायच्या आधी माझी फजिती सांगते म्हणजे तुला कळेल मी एवढी का मागे लागतेय. खूप वर्षांपूर्वी एका कवींची ओळख करून देताना मी त्यांच्या एका कवितेची शेवटची ओळ म्हटली. मला तीच आवडायची, सगळ्यांनाच तीच आवडायची, टाळ्या पण आल्या, मी खूश होऊन खाली येऊन बसले. कवी उठले, वही उघडली, दोन पानं चाळली, आणि म्हणाले "पहिली हीच वाचणार होतो पण तिचा शेवट आत्ताच झाला, तेव्हा पुढची वाचतो". हसत म्हणाले, लोक पण हसले, मला मात्र खुर्ची गिळून टाकेल तर बरं असं झालं. त्या संध्याकाळी ती कविता राहिली ती राहिलीच. बरं, त्यांची चूक काहीच नव्हती, शेवट ऐकलेली कविता लोक परत कशाला ऐकतील.

तर हे कसं होतं ते एका खऱ्या कवितेवर करून दाखवते. तुझ्या बाईंचं पुस्तक माझ्यासमोर नाहीये, म्हणून असं समज की तुझ्या पाहुण्या त्या नसून बालकवी आहेत, आणि तुला 'औदुंबर'मधली एक ओळ घ्यायचीये. शाळेत सगळ्यांनी केलीये, आठच ओळींची कविता. कोणालाही विचार, एकच ओळ आठवते: "पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर". मोह तिचाच होणार. पण जरा कविता कशी चाललीये ते बघ. आधी झरा येतो, दोन्ही काठांची हिरवाळी येते, मग टेकडीकडचं गाव, मग शेतमळे, मग एक पांढरी पायवाट, ती कुरणांमधून काळ्या डोहाकडे जाते, डोहावर काळिमा पसरलाय, आणि एवढं सगळं चालून झाल्यावर आठव्या ओळीत तो औदुंबर दिसतो, पाण्यात पाय सोडून बसलेला. सात ओळी आपल्याला त्याच्यापर्यंत आणून सोडायला आहेत. तू माईकवर तो आधीच दाखवलास तर बालकवींनी वाचायला उभं राहून करायचं काय?

म्हणजे शेवटची ओळ बाद. मग म्हणशील पायवाटेची घेतो, "पायवाट पांढरी तयातुन अडवीतिडवी पडे", काय सुंदर आहे. आहेच. पण 'तयातुन' म्हणजे कशातून? शेतमळ्यांतून, आणि ते शेतमळे आधीच्या ओळीत राहिले. पुस्तकात डोळा एक ओळ वर जातो, हॉलमध्ये कान मागे जाऊ शकत नाही. तू ओळ म्हणशील, लोक अर्धा सेकंद 'तयातुन'पाशी अडकतील आणि तेवढ्यात ओळ संपलेली असेल. ती, ते, त्याचं, तिथून, म्हणून, पण, असे शब्द ओळीत असले की संशय घ्यायचा, त्यांचं एक टोक बहुतेक वेळा मागच्या ओळीत अडकलेलं असतं.

आता ही बघ: "चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे". सहा शब्द. मागचं काही माहीत असायची गरज नाही, एकदा ऐकली की गाव दिसतं, एका श्वासात होते, आणि पुढे काय आहे ते सांगत नाही, नुसतं टेकडीकडे बघायला लावते. ओळख करून देताना म्हणायची ओळ अशी हवी. ती कवितेतली सगळ्यात ग्रेट ओळ असायची काहीच गरज नाही, उलट नसलेलीच बरी, ग्रेट ओळ कवीसाठी ठेव ना, त्यांची संध्याकाळ आहे.

तुझ्या त्या सतरा ओळींना हेच लाव. ज्या ओळींनी कविता संपते किंवा उलटते त्या गेल्या, ज्यांचं टोक मागे अडकलंय त्या गेल्या, ज्या म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागतो त्या गेल्या. उरलेल्या कोणाला तरी फोनवर म्हणून दाखव, बायकोला, बहिणीला, बँकेतल्या मित्राला, एकदाच म्हणायची आणि विचारायचं काय ऐकलंस. जी ओळ समोरचा जवळपास जशीच्या तशी परत म्हणतो ती घे. बहुतेक दोन-तीनच उरतील.

बाई मुक्तछंदात लिहीत असतील तर एक गंमत होते, छापलेली ओळ म्हणजे बोलायची ओळ असेलच असं नाही. मुक्तछंदात ओळ बऱ्याचदा वाक्याच्या मध्येच तुटते, तीन शब्द वर, दोन खाली. तेव्हा 'एक ओळ' म्हणजे एक पूर्ण वाक्य समज, मग ते छापील दोन ओळींत असलं तरी चालेल, फक्त जिथे ओळ तुटलीये तिथे जराशी उसंत घे, कारण त्यांनी ती तिथे उगाच नाही तोडली. पण 'दोन चालतात तर चार घेऊ' असं करू नकोस. चार ओळी म्हटल्यास की ते काव्यवाचन झालं, आणि ते करायला त्या आल्यात.

आता फोन. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी बाईंना फोन कर, दहा मिनिटं पुरतात, आणि यात लाजू नकोस, कवींना असे फोन आवडतात, सहसा कोणी करतच नाही. पहिलं विचारायचं की तुम्ही त्या दिवशी कुठल्या कविता वाचणार आहात. यादी पक्की नसेल, कोणाचीच नसते, पण सुरुवात कशाने करणार आणि कुठल्या एक-दोन नक्की वाचणार हे सांगतील. तुझी ओळ त्या कवितांपैकी असेल तर सरळ विचार, "ही ओळ मी म्हटली तर चालेल का". चालेल म्हणाल्या तर छानच, क्षणभर जरी थांबल्या तर दुसरी घे. मग नाव. पत्रिकेवर जे छापलंय तेच म्हणायचं की त्या वेगळ्या नावाने लिहितात, माहेरचं नाव लावतात का, आडनावाचा उच्चार नेमका कसा. आणि शेवटचं, ओळखीत काय नको ते विचार. हा प्रश्न भारी आहे, एकाने मला सांगितलं होतं की "मी अमुक खात्यातून रिटायर झालो हे कृपया सांगू नका, वीस वर्षं प्रत्येक जण तेच सांगतो आणि लोक कविता सोडून खात्यातल्या गोष्टी विचारतात".

ओळ पुस्तकातूनच उतरवून घे बरं का, व्हॉट्सॲपवरून नको. फॉरवर्डमध्ये शब्द इकडचे तिकडे झालेले असतात, कधी कवीच बदललेला असतो. आणि छंदातली ओळ असेल तर एकेक अक्षर जसंच्या तसं म्हणायचं, आपल्या बोलण्यातलं करायचं नाही. 'औदुंबर'मध्येच बघ, 'टाकुनी' आहे, आपण सवयीने 'टाकून' म्हणतो. 'टाकुनी' म्हणजे दोन, एक, दोन अशा पाच मात्रा आणि 'टाकून' म्हणजे दोन, दोन, एक, याही पाचच. बेरीज जमते, पण जोर मध्ये 'कू'वर येतो आणि ओळ लंगडते, मात्रा मोजता न येणाऱ्याला पण ते ऐकू येतं. कवी समोर बसलेला असताना तर विचारूच नकोस. एकदा मी एक शब्द बदलून ओळ म्हटली, मूळ शब्द 'पाऊस', माझ्या तोंडून आलं 'पाणी', तर पहिल्या रांगेतून कवयित्रीबाईंनी शांतपणे "पाऊस" असं म्हटलं, माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते.

म्हणून ओळ पाठ असली तरी कार्डावर लिही. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, त्यावर फक्त ती ओळ, मोठ्या अक्षरात, आणि जिथे थांबायचं तिथे उभी रेघ. बालकवींच्या ओळीत रेघ 'चिमुकले'नंतर येईल, तिथपर्यंत सोळा मात्रा होतात आणि ओळ स्वतःच तिथे जरा टेकते. चार घरांचे गाव चिमुकले, मग किंचित उसंत, मग पैल टेकडीकडे. चाल लावू नकोस, गाऊ नकोस, हात हलवू नकोस, आणि आवाज एकदम खर्जात नेऊ नकोस, तो निवेदकी आवाज ऐकला की मला चहा प्यायला बाहेर जावंसं वाटतं. ज्या आवाजात आधीचं वाक्य बोललास त्याच आवाजात, फक्त थोडं सावकाश.

ओळ कुठे घालायची? माझं मत पक्कं आहे, शेवटाच्या थोडी आधी. अगदी सुरुवातीला घातलीस तर तेव्हा लोक खुर्च्या सरकवत असतात, मोबाईल सायलेंट करत असतात, उशिरा आलेले "एक्सक्यूज मी" करत आत शिरत असतात, ओळ वाया जाते. अगदी शेवटी घातलीस तर टाळ्या ओळीला पडतात, नावाला नाही, आणि बाईंना कळत नाही की उठायचं का अजून. ओळीच्या आधी कविता किंवा संग्रहाचं नाव सांग, नंतर नाही. मग अर्धं वाक्यभर थांब. मग ओळ. मग दोन सेकंद पूर्ण गप्प. हे दोन सेकंद तुला दोन मिनिटांसारखे वाटतील, वाटू देत, मनात एक-दोन म्हण. मग एकच वाक्य आणि नाव. ओळीचा अर्थ सांगायचा नाही. "या ओळीतून कवयित्रीला असं सुचवायचंय की" हे तोंडातून बाहेर पडलं की समज तू चौदा मिनिटांच्या रस्त्याला लागलास.

आता वेळेचं गणित, बँकवाला आहेस म्हणून आवडेल तुला. मी मंचावरून मिनिटाला साधारण शंभर ते एकशेदहा शब्द बोलते, स्वतःचं रेकॉर्डिंग लावून मोजलंय. तुझे किती होतात ते तू मोज, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून, उभं राहून, मोठ्याने. लोकलमध्ये मनातल्या मनात म्हणून बघशील ते धरू नकोस, मनात माणूस फार फास्ट बोलतो. समज तुझेही शंभरच होतात. म्हणून तीन मिनिटांत तीनशे शब्द असं नाही होत. खुर्चीतून उठून माईकपाशी जाणं, माईक तुझ्या उंचीला आणणं (आधीचा माणूस कायम एकतर सहा फुटी असतो नाहीतर पाच फुटी), ओळीच्या आधीचं आणि नंतरचं थांबणं, मध्येच कोणीतरी टाळी वाजवली तर ती, यात वीस-तीस सेकंद सहज जातात. शिवाय हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणून माणूस आपोआप जरा सावकाश बोलतो. तेव्हा लिहायचे सव्वादोनशे शब्द, त्याच्यावर एक नाही.

आणि वेळ खरंच कुठे जाते माहितेय? लिहिलेल्यात नाही जात. आजवर जितके लांबलेले परिचय ऐकलेत ते सगळे न लिहिलेल्या वाक्यांनी लांबलेत. "यावरून मला एक किस्सा आठवला", "बाईंच्याबद्दल बोलावं तितकं थोडंच", "जाता जाता एकच सांगतो", आणि सगळ्यात डेंजर म्हणजे "वेळेचं भान ठेवून", हे म्हणणाऱ्याने ते ठेवलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. मागच्या वर्षीचे तुमचे चौदा मिनिटंवाले गृहस्थ पण घरून चौदा मिनिटांचं लिहून आले नसतील, पैजेवर सांगते. पहिल्यांदा टाळी किंवा हशा मिळाला की माणसाला वाटतं लोकांना आपण आवडतोय, आणि मग तो कागद सोडतो. तू कागद सोडू नकोस. वाचून दाखवलंस तरी कोणी काही म्हणत नाही, मान वर करून वाच म्हणजे झालं.

आता तो बायोडेटा बाहेर काढ ड्रॉवरमधून. त्याच्यातून तुला दोन किंवा तीनच गोष्टी घ्यायच्यात, आणि घेताना विचारायचं, ही गोष्ट ओळीकडे जाते का. पुरस्कारांची यादी ऐकताना लोक काही ऐकत नसतात, तिसऱ्या पुरस्कारानंतर सगळे सारखेच वाटतात. एखादाच सांग, तोही कुठल्या पुस्तकाला मिळाला ते सांगून. संग्रह पाच असले तर पाचही नावं नकोत, आकडा सांग आणि ज्यातली ओळ आहे त्याचं नाव सांग. बाकीचं पत्रिकेवर छापा, नाहीतर पुस्तकांच्या टेबलावर एक कागद चिकटवा, ज्याला हवं तो वाचेल.

बालकवींच्या बाबतीत हे करून बघू या. बायोडेटा असता तर जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव, मग शिक्षण, मग कुठे कुठे राहिले, मग कवितांची यादी. मी असं लिहीन:

"नमस्कार. आज जे कविता वाचणार आहेत त्यांचं घरचं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. गाव धरणगाव, खानदेशातलं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं, तिथे जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या या मुलाने कविता म्हटली, आणि संमेलनाच्या अध्यक्षांनी त्याला एक नाव दिलं. आपल्या पत्रिकेवर आज तेच नाव छापलंय. त्यांच्या कवितेत माणसं फारशी भेटत नाहीत, झरे भेटतात, फुलं, पाखरं, संध्याकाळ भेटते, आणि ती नुसती शोभेला नसतात, ती माणसांसारखी वागतात, रुसतात, हसतात, बसून राहतात. 'औदुंबर' नावाची त्यांची आठच ओळींची कविता आहे. त्यातली ही एक ओळ. चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे. त्या बाजूची पायवाट पुढे कुठे जाते ते आता त्यांच्याकडूनच ऐकू या. बालकवी."

मोज, शंभराच्या आसपास शब्द आहेत, थांबण्यासकट सव्वा मिनिटाचा मामला. तीन मिनिटं दिलीत म्हणून तीन भरलीच पाहिजेत असं कोणी सांगितलंय? तुझ्याकडे आणखी एखादी खरंच सांगण्यासारखी गोष्ट असेल तर घाल, नसेल तर दोन मिनिटांत खाली ये, सेक्रेटरी तुला दरवर्षी बोलावतील (हा धोका आहे, आधीच सांगून ठेवते). आणि बघ, 'बसून राहतात' हा शब्द मी मुद्दाम टाकलाय, पुढे औदुंबर पाण्यात पाय टाकून बसलेला भेटला की ज्याला आठवायचं त्याला आठवेल, नाही आठवलं तरी काही बिघडत नाही. ओळीनंतरचं वाक्य पण अर्थ सांगत नाही, ते फक्त दार उघडं ठेवून बाजूला होतं. तुझ्या बाईंसाठी असं एक वाक्य शोधायला तुला ओळीपेक्षा जास्त वेळ लागेल, लागू दे.

बाई हयात आहेत, समोर बसणार आहेत, त्यामुळे एक फरक पडतो. बालकवींबद्दल मी काहीही म्हटलं तरी ते मान हलवणार नाहीत. बाईंच्या कवितेबद्दल तू जे एक-दोन वाक्यं बोलशील ती 'संवेदनशील', 'तरल', 'सामाजिक भान असलेली' असली नकोत, हे शब्द कोणालाही लागू होतात, पुढच्या महिन्यातल्या पाहुण्यालाही. त्यांच्या कवितांत काय काय येतं ते सांग, नावानिशी. गॅलरीतल्या कुंड्या येत असतील, हॉस्पिटलची वेटिंग रूम येत असेल, सासूचा पानाचा डबा येत असेल तर तेच सांग. संग्रह वाचताना पेन्सिलने खुणा कर, परत परत येणारी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या कवितेपर्यंत कळतेच.

मुंबईतल्या कार्यक्रमाचं अजून एक. साडेसहाची वेळ असते, सुरू होतो सात वाजता, कारण कोणीतरी ट्रॅफिकमध्ये असतं. मग दीपप्रज्वलन, मग वारा, मग काडी परत लावणं, मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग अध्यक्षांना गुच्छ. हॉल नऊपर्यंतच घेतलेला असतो आणि पावणेनऊला हॉलवाला मागच्या दारात किल्ल्या वाजवत उभा राहतो. कल्याण-कसाऱ्याकडचे लोक तर त्याआधीच चपला शोधायला लागतात. तुझा नंबर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं उशीर झालेला असणार, आणि सेक्रेटरी तुझ्या कानात येऊन म्हणणार "जरा आवरतं घ्या हां, एकच मिनिट". याची तयारी घरूनच करून जा. त्या सव्वादोनशे शब्दांत कुठला परिच्छेद उचलला तरी बाकीचं जोडलेलं राहील ते आधी बघ आणि त्याच्या भोवती पेन्सिलने चौकट काढ. आवरतं घे म्हटलं की चौकट सोडायची. बायोडेटातलं सगळं चौकटीत जाऊ दे. ओळ, ओळीनंतरचं वाक्य आणि नाव चौकटीच्या बाहेर. बरेच लोक घाईत नेमकी ओळ गाळतात आणि पुरस्कार वाचतात, का ते मला आजवर कळलेलं नाही. एक मिनिटात ओळ आरामात बसते, तिला पाच-सहा सेकंद लागतात, थांबणं धरून दहा.

आणि प्रास्ताविकवाल्याने तुझी ओळ आधीच म्हणून टाकली तर? होतं असं, विशेषतः बाईंची एकच कविता फेमस असली की. म्हणून उरलेल्या दोन-तीनमधली एक दुसऱ्या कार्डावर लिहून खिशात ठेव. तीच ओळ परत म्हणत "सरांनी आत्ताच म्हटल्याप्रमाणे" वगैरे करू नकोस. आणि तुझ्या संध्याकाळी बाईंनी फोनवर सांगितलेली यादी बदलली, तुझ्या ओळीची कविता वाचायला घेतली तरी घाबरू नकोस, शेवटची ओळ घेतलेली नसेल तर काहीही बिघडत नाही, उलट लोक ती ओळ येताना ओळखतात आणि जरा पुढे सरकून बसतात.

हॉलवर अर्धा तास आधी पोच. बोरिवलीहून स्लोने निघालास तर अजून आधी. मंचावर चढून माईकवर एकदा नुसतं बाईंचं नाव म्हणून बघ, शेवटच्या रांगेतल्या पोराला विचार ऐकू आलं का. नाव घेतल्यावर लगेच माईकपासून बाजूला हो, बाई ज्या बाजूने येणार त्याच्या उलट बाजूला, नाहीतर दोघं पायऱ्यांवर समोरासमोर येता आणि ते डावीकडे-उजवीकडे नाचणं सगळा हॉल बघतो. तुझे कागद आठवणीने उचल, कवींना पोडियमवर वही ठेवायला जागा लागते.

आणि त्या कार्डावर, ओळीच्या खाली, बाईंचं पूर्ण नाव लिही. हसू नकोस. बावीस वर्षं ओळख असलेल्या मैत्रिणीचं नाव मी एकदा माईकसमोर विसरलेय, ओळ छान म्हटली, दोन सेकंद थांबले, आणि डोकं कोरं. तिनेच पहिल्या रांगेतून हात वर केला.